चौदा महिन्यांत एकदाही उशीर नाही

मी स्टोअरवाली. एकोणीस वर्षं पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं आणि त्यातली अठरा वर्षं "माल संपला" हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नाही, याचा मला मोठा तोरा होता. त्याच तोऱ्यापायी मी काय करून बसले ते आता सांगते.

कारखाना उरणच्या बाजूला. गच्चीवर उभं राहिलं की बंदराच्या उंच क्रेन दिसतात. शेतीला पाणी देणारे मोटरपंप आम्ही जोडतो, दिवसाला चारशे. पंपाची बॉडी कोल्हापूरकडून येते, मोटर पुण्याकडून, खोकी पनवेलहून. आणि शाफ्टवर बसतं ते सील येतं थेट इटलीहून, जहाजाने. सील म्हणजे रबर, स्प्रिंग आणि गुळगुळीत कडं, तळहातात चार मावतील एवढं. ते नसेल तर पंपातून पाणी गळतं, म्हणजे ते नसेल तर पंपच नाही.

पूर्वी माझ्या स्टोअरमध्ये दीड महिन्याचं सील पडून असायचं. त्याच्याशेजारी बॉडी, मोटरी, छतापर्यंत खोकी. एवढा मोठा हॉल, आणि त्यात काम करणारी माणसं कोण, तर मी आणि दोन हमाल. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. भरलेलं स्टोअर बघून मी घरी निवांत झोपायचे.

मग क्षिप्रा आली. वय सव्वीस, नियोजन विभागाची प्रमुख, अलिबागची. कपाळाला आठ्या घालून प्रश्न विचारायची तिला सवय. पहिल्याच दिवशी माझ्या स्टोअरमध्ये येऊन तिने एक रॅक थोपटला.

"कल्पिताताई, हे सील कधी आलं?"

"फेब्रुवारीत."

"आणि वापरणार कधी?"

"वापरू की. पळून चाललंय का?"

"पळत नाही, पण म्हातारं होतंय ना. रबर आहे ते."

मला राग आला, पण पोरगी चुकत नव्हती. आदल्याच वर्षी पंपाचं मॉडेल बदललं तेव्हा तीन हजार सीलं भंगारात घातली होती. त्याच्या आधी एक खराब लॉट आला होता, तो आम्हाला कळला दीड महिन्यानं, कारण तोवर तो रॅकवर रांगेत बसला होता. तोपर्यंत तसलाच माल घेऊन आणखी एक कंटेनर वाटेत निघालेला.

क्षिप्राची पद्धत अशी. सीलच्या प्रत्येक ट्रेला एक कार्ड. ट्रेमध्ये पन्नास सीलं. ट्रे फोडला की कार्ड डब्यात टाकायचं. सीलचा एजंट बंदराजवळच्या गोडाऊनमध्ये माल ठेवतो, तिथून आमच्याकडे गाडी यायला पाऊण तास. गाडी दिवसातून दोनदा येणार, सकाळी साडेआठ आणि दुपारी दीड. ड्रायव्हर डब्यातली कार्डं घेऊन जाणार आणि पुढच्या फेऱ्यांना जितकी कार्डं तितकेच ट्रे आणणार. कार्ड नाही तर ट्रे नाही. जेवढं वापरलं तेवढंच येणार आणि लागेल तेव्हाच येणार. दिवसाला आठ ट्रे लागतात. तिने सुरुवातीला बारा कार्डं केली: आठ कामाची आणि चार उशीर झाला तर हाताशी असावीत म्हणून.

बॉडी, मोटरी, खोकी, सगळ्यालाच कार्डं लागली. तीन महिन्यांत माझं स्टोअर रिकामं झालं. त्या हॉलमध्ये जोडणीची दुसरी लाइन उभी राहिली आणि आजूबाजूच्या गावांतल्या एकोणीस बायकांना काम लागलं. त्यांतली जनी माझ्याच गावची. आधी मिठागरात पाट्या वाहायची, तिथे आता कंटेनर उभे असतात. जिथे माझी फेब्रुवारीतली सीलं झोपायची, नेमक्या त्याच जागी जनीचं टेबल आलं. खराब लॉट आता त्याच दिवशी सापडायचा, चार ट्रे परत पाठवले की विषय संपला. मला मनापासून कौतुक वाटलं. कार्डाने एवढं सगळं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि तरीही मी चोवीस ट्रे लपवले.

जुना साठा संपवायचा होता तेव्हा मोजणीत तेवढे "रबर कडक, बाद" असे दाखवले आणि तुटक्या पंख्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन दिवस पुरतील एवढं सील. का? कारण लाइन थांबली की सगळी माणसं मान वळवून स्टोअरकडे बघतात. ते बघणं मला सोसत नाही. दुसरं कारण नाही.

पहिल्यांदा गाडी उशिरा आली तेव्हा दोन तासांचा उशीर होता. नियम असा की उशिरासाठीच्या जास्तीच्या ट्रेंना हात लावावा लागला तर स्टोअरवालीने लाइनवरची लाल पाटी फिरवायची, मग क्षिप्रा येणार, उशीर का झाला ते शोधणार. मी पाटी फिरवली नाही. कपाटातून चार ट्रे काढून लाइनला दिले आणि गाडी आल्यावर तिच्यावरचे चार कपाटात ठेवले. आवक नोंदवताना वेळ टाकली साडेआठ. माझं कपाट कायम भरलेलं आणि मालही ताजा. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. क्षिप्राच्या कागदावर मात्र चौदा महिने एकदाही उशीर नाही. त्या कागदावर विसंबून तिने उशिरासाठीची चार कार्डं काढून टाकली. आठच राहिली. मला सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"ताई, इतका वेळेवर येणारा पुरवठादार माझ्या पाहण्यात नाही."

"नशीबवान आहेस," मी म्हटलं.

ती सोमवारची सकाळ. कारखान्याचे प्रमुख अजेय सर, क्षिप्रा आणि मी अशी रोजची उभ्या उभ्या मीटिंग चालली होती. क्षिप्रा म्हणाली, लाल समुद्राकडचा रस्ता टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतायत, असं वाचलं. एजंटला फोन केला, तो म्हणतो आपला कंटेनर उद्या उतरतो, बुधवारी सकाळी माल मिळेल. आपल्याकडे आणि त्याच्या गोडाऊनमध्ये मिळून सोळा ट्रे आहेत, म्हणजे आज आणि उद्याचं भागतंय.

"पण थोडं सील विमानाने मागवून ठेवावं का?" तिने विचारलं. "आज सांगितलं तर शनिवारी सकाळी हातात येईल."

अजेय सर वाईट माणूस नाही. त्यांनी तिचाच कागद उचलला. "चौदा महिन्यांत हा माणूस एकदाही चुकला नाही. तो बुधवार म्हणतो तर बुधवार. विमानाचं भाडं कशासाठी घालायचं?"

क्षिप्राने मान डोलावली. तिचाच आकडा, ती काय बोलणार? सर निघताना म्हणाले, "आफ्रिकेला जायच्या पंपांची ऑर्डर शुक्रवारी बंदरात जायला हवी. मुख्य ऑफिसचं तुझ्या पद्धतीवर लक्ष आहे, क्षिप्रा. लाइन थांबली तर मी तुला वाचवू शकणार नाही."

मी तिथेच उभी होते. एजंटचा बुधवार म्हणजे काय ते तिघांत फक्त मला माहीत होतं. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी फाइल बगलेत मारली आणि चहाला गेले.

मंगळवारी दुपारी शेवटचे ट्रे घेऊन हिरामण आला. हिरामण आमच्या सीलच्या गाडीचा ड्रायव्हर, साठीला टेकलेला, आमच्याच आळीतला. चौदा महिने दिवसातून दोनदा त्याची माझी गाठ पडायची आणि आमचं बोलणं काय, तर सुक्या जवळ्याचा भाव आणि त्याची गुडघेदुखी. त्या दिवशी त्याने गाडीतून चार ट्रे उतरवले आणि मी सहज विचारलं, "गोडाऊनमध्ये आता किती उरलं?"

"काय न्हाय उरला, ताय. रॅक मोकले हायेत. झारू मारून ठेवलाय."

"कंटेनर आज उतरणार ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कंचा कंटेनर? त्यांचा क्लार्क बोलत व्हता, जहाज अजून आफ्रिकेच्या खाली हाय. दहा दिस तरी लागतील. गोडाऊनचा शेठ तुमाला सांगत न्हाय, काम जाईल म्हनून घाबरतो."

 खरं सांगते, तेव्हा एक कुतूहल जागं झालं, जे चौदा महिन्यांत एकदाही झालं नव्हतं.

"हिरामणदादा, तुला उशीर व्हायचा तो कशामुळे?"

"रस्ता मोकला असताना उशीर कशाला व्हईल? गोडाऊनमदी माल नसायचा. नवा कंटेनर सुटेपरत मला बसवून ठेवायचे. पयले महिन्याचा माल असायचा त्यांच्याकडं. मग शेठ बोलला, उशीर झाला तरी कारखान्यातनं कोन बोंबलत न्हाय, तर एवढा माल कशाला भरून ठेवू? आता आठवड्याचाच ठेवतात."

मी गेटवर गेले. आमचा वॉचमन बुधाजी प्रत्येक गाडीची खरी वेळ लिहितो, त्याला कुणाला खूश करायचं नसतं. त्याचं रजिस्टर मागितलं आणि त्याच्याच स्टुलावर बसून चौदा महिने मागे गेले. सीलच्या गाडीचे सतरा उशीर. पहिल्या सहा महिन्यांत तीन, तेही तास-दोन तासांचे. पुढच्या आठ महिन्यांत चौदा, आणि त्यांतला एक अख्ख्या दिवसाचा. मी पेन्सिलीने खुणा केल्या. खुणा विखुरलेल्या नव्हत्या. महिनाभर काही नाही, मग ओळीने दोन-तीन, नवा कंटेनर यायच्या आधीचे दिवस. साठा बुडाला लागला की गाडी रखडणार, इतकं सरळ लिहिलेलं होतं. कुणालाही वाचता आलं असतं.

बघता बघता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही कार्डं किती ठेवायची ते ठरवलं गोडाऊन ते कारखाना या पाऊण तासाच्या रस्त्यावरून. बंदर शेजारी, क्रेन गच्चीवरून दिसतात, म्हणून आम्हाला सील जवळचं वाटलं. जहाजाचे जवळजवळ चार आठवडे कुणाच्याच हिशेबात नव्हते. ते आठवडे गोडाऊनच्या साठ्याने झाकले होते, तो साठा कमी होत होता, आणि ते कमी होणं माझ्या कपाटाने झाकलं होतं. आमचा साठा कुठे नाहीसा झाला नव्हता, फक्त दुसऱ्याच्या रॅकवर जाऊन बसला होता, आणि तिथून तो आटत चालल्याची खबर देणारी एकच घंटा होती, गाडीचा उशीर. तिचा लोलक मी हाताने धरून ठेवला होता.

बुधवारी सकाळी सातला मी कपाटाचं कुलूप काढलं. चोवीस ट्रे, म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मुकाट्याने दिले असते तर ऑर्डर गेली असती आणि मी आणखी तीन दिवस हुशार राहिले असते. मग शनिवारी लाइन थांबली असती, पुढचा आठवडाभर थांबलीच असती, आणि ती पोरगी घरी गेली असती. मी ट्रॉलीवर ट्रे लावले, वर बुधाजीचं रजिस्टर ठेवलं आणि ट्रॉली ढकलत सरळ अजेय सरांच्या केबिनमध्ये नेली. क्षिप्रा तिथेच होती, फोनवर एजंटला विचारत होती माल निघाला का.

"निघाला नाही," मी म्हटलं. "दहा दिवस निघणार नाही. फोन ठेव."

मग सगळं सांगितलं. कपाट, खोट्या वेळा, सतरा उशीर, हिरामणने सांगितलेलं.  सर ट्रेकडे बघत राहिले. क्षिप्राने रजिस्टर ओढून घेतलं आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा एक एक करून पाहिल्या. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, चिडली.

"मी तुमच्या आकड्यांवरून चार कार्डं काढली, ताई. तुम्ही समोर उभ्या होतात. नशीबवान आहेस म्हणालात."

"म्हणाले."

"का?"

"मला वाटलं, मी सांभाळून घेतेय."

"कुणाला?"

 सरांनी तोवर फोन उचलला होता. विमानाने अठ्ठेचाळीस ट्रे, आत्ताच्या आत्ता. दोन माणसांनी उचलता येतील एवढी खोकी, पण सीलचा साठा कमी करून वर्षभर जे पैसे वाचवले होते त्यातलं बरंचसं त्या एका फेरीत उडालं. इटलीतून सुटून, कस्टम्समधून निघून माल सोमवारी संध्याकाळी येणार होता.

क्षिप्राने कागदावर रेघा मारल्या. माझे चोवीस ट्रे शुक्रवार संध्याकाळपर्यंत. आफ्रिकेची ऑर्डर जाईल. शनिवार बंद, रविवारी सुट्टी, सोमवार बंद. तिने "शनिवार" आणि "सोमवार" या शब्दांभोवती चौकोन काढले आणि पेन खाली ठेवलं. तिघांनाही आठवत होतं, मी सोमवारी सांगितलं असतं तर शनिवारी सकाळी सील हातात असतं आणि लाइन एक तासही थांबली नसती.

शनिवारी आणि सोमवारी दोन्ही लाइनी बंद राहिल्या. आम्हा पगारी माणसांना काही फरक पडला नाही. कंत्राटी बायका मात्र काम नाही तर मजुरी नाही या बोलीवर असतात. पंपाच्या बाकीच्या सुट्या भागांचीही गंमत झाली, गंमत कसली, पंचाईत. खोक्यांची गाडी थांबवली, बॉडीची थांबवली, मोटरवाल्यांना कळवलं. ज्यांच्याकडे माल तयार होता त्यांच्याकडे तो तुंबला. एक लहानसं सील नाही म्हणून कोल्हापूरपर्यंत माणसं हात बांधून बसली. कार्डांची साखळी इकडून ओढली तर तिकडेही तेवढीच ओढली जाते, हे क्षिप्राने मला कितीदा समजावलं होतं. दिसलं त्या दिवशी.

सोमवारी रिकाम्या हॉलमध्ये क्षिप्रा आणि मी समोरासमोर बसून हिशेब नव्याने मांडला. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. खोकी पनवेलहून येतात, बनवणारे तिघे आहेत, एक अडला तर दुसरा देतो. त्यांची कार्डं होती तशीच राहिली, साठा शून्य. मोटरी थोड्या वाढवल्या. सील एकाच ठिकाणाहून येतं, समुद्रावरून येतं, आणि किंमत पंपाच्या मानाने किरकोळ. त्याचा पंधरा दिवसांचा साठा आपल्याच छताखाली, उघड्या रॅकवर, मोजून. त्यातला ट्रे काढला की पाटी फिरवायचीच. शिवाय पुण्याजवळचा एक कारखानदार तसंच सील करून देतो का ते तपासायचं.

"म्हणजे परत स्टोअर," मी म्हटलं.

"एक रॅक," ती म्हणाली. "आणि त्याला कुलूप नाही."

मुख्य ऑफिसला सरांनी काय कळवलं ते मी वाचलं नाही. मला मेमो मिळाला आणि माझी वार्षिक वाढ गेली. क्षिप्राची नोकरी राहिली. पण कारखान्यात बातमी वेगळीच पसरली होती. बायकांना कळलं होतं एवढंच की कार्डवाल्या पोरीने माल कमी ठेवला आणि लाइन बंद पडली. शिकलेल्या माणसांचे नखरे, मजुरी आमची बुडाली. क्षिप्रा जेवायच्या सुट्टीत त्यांच्या बाजूने गेली की कुजबुज थांबायची. तिला ते समजत होतं, आणि तिने एकीलाही काही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी लाइन सुरू व्हायची होती. हिरामणने विमानतळावरून आणलेले ट्रे मी स्वतः टेबलांवर वाटत होते. जनी टोपी बांधत बांधत माझ्याजवळ आली. मागे चौघीजणी, कान टवकारून.

"ताय, एक विचारू? शनवारी पोराच्या क्लासची फी भरायची व्हती, ती रायली. ती मॅडम आता तरी माल पुरता ठेवनार हाय का न्हाय? तिच्या कार्डापायी आमी किती दिस घरी बसायचा?"

क्षिप्रा दुसऱ्या टोकाला पाटी तपासत होती. तिने ऐकलं, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. तिने वळून बघितलं नाही.

माझ्या हातात चार ट्रे होते, ते मी जनीच्या टेबलावर ठेवले.

"कार्डापायी नाही, जने. गाडी उशिरा यायची ते मी लपवलं. चौदा महिने. आणि गेल्या सोमवारी सांगायला हवं होतं ते बुधवारी सांगितलं. तुझे ते दोन दिवस माझ्यामुळे गेले."

मागच्या चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. जनीने टोपीची गाठ घट्ट केली.  मिठागरापासून मला ओळखते ती. माझा शब्द म्हणजे माल हातात, असं ती इतरांना सांगायची.

"तुज्याकरनं?" तिने विचारलं.

"माझ्यामुळेच."

तिने ट्रे आपल्याकडे ओढला, पहिलं सील उचललं आणि कामाला लागली. त्या दिवसापासून ती मला ताय म्हणत नाही, मॅडम म्हणते.